कामगारमंत्र्यांना खुले पत्र : माझ्या कारखान्यातल्या एका चिठ्ठीबद्दल

मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

इचलकरंजीत माझा छोटा यंत्रमाग कारखाना आहे, सात कामगारांचा. आमच्याकडे खोकल्याकडे कोणी लक्ष देत नाही. हवेत सतत रुई उडते, शिवाय सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद असतात. माझा एक कामगार दीड महिना खोकत होता आणि मीही ते रुईवरच ढकललं. थुंकीच्या तपासणीत क्षय निघाला. त्या संध्याकाळी तो दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "मालक, माझे माग दुसऱ्याला देऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी त्याला सही-शिक्क्याचं पत्र दिलं. तुझे माग तुझेच आहेत, बदली कामगार तू येईपर्यंतच. गोळ्या सुरू झाल्यापासून निदान दोन आठवडे घरी राहा आणि डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच ये. आमच्याकडे मजुरी मीटरवर, म्हणजे माग बंद तर पगार शून्य. म्हणून मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढून तिच्या निम्मी रक्कम दर आठवड्याला घरपोच करायचं ठरवलं. परतल्यावर दिवसपाळी. गोळ्या आणायच्या दिवशी पगार कापायचा नाही. आजाराचं नाव त्याच्या परवानगीशिवाय कोणाला सांगायचं नाही. पाण्याचा पेलाही वेगळा ठेवायचा नाही, कारण हा रोग हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही.

त्याच्या थुंकीतले जंतू नेहमीच्या औषधांना दाद देणारे निघाले, म्हणून दोन आठवड्यांचा हिशेब त्याला लागू पडला. औषधाला न जुमानणारा क्षय असता तर हा काळ लांबला असता, म्हणून पत्रात तारीख न घालता डॉक्टरांचा शब्द घातला. संसर्गाचा धोका लवकर ओसरतो, पण उपचार सहा महिन्यांचे असतात. महिन्याभरात अंगात ताकद येते आणि नेमक्या तेव्हाच गोळ्या सुटतात. नोकरीची भीती असलेला माणूस तर दवाखान्याचा फेराच चुकवतो.

साहेब, कामगार राज्य विमा योजनेखालच्या कामगाराला, अटी पुऱ्या होत असतील तर, क्षयासाठी ८० टक्के दराने दीर्घ आजाराचा भत्ता मिळतो. ती योजना दहा कामगारांपासून लागू होते आणि आम्ही सातच. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये खाण्यासाठी आहेत, त्यांतून घरभाडं भागत नाही.

माझी मागणी दोन गोष्टींची आहे. उपचार सुरू होतात त्याच दिवशी उपचार केंद्रातून कामगाराला अशा पत्राचा छापील नमुना मिळावा, मालकाच्या सहीसाठी. आणि दहाच्या आतल्या कारखान्यांत, डॉक्टर घरी बसायला सांगतील तेवढ्या दिवसांच्या बुडालेल्या मजुरीचा निम्मा वाटा सरकारने उचलावा. उरलेला निम्मा मी देतोच आहे.

आपला,
एक यंत्रमागधारक, इचलकरंजी