पंचवीस रुपयांच्या खोट्या संदेशाबाबत दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय दळणवळण मंत्री, भारत सरकार

महोदय,
सप्रेम नमस्कार.

टपाल आणि दूरसंचार ही दोन्ही खाती आपल्याकडे असल्याने हे पत्र आपल्यालाच लिहीत आहे.

कोथरूडला आमच्या शेजारी राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका नागपूरहून लेकीने पाठवलेल्या स्पीड पोस्टची वाट पाहत असतानाच त्यांच्या आयफोनवर टपाल खात्याच्या नावाने इंग्रजी संदेश आला. पत्ता अपुरा असल्याने पार्सल दोनदा परत आले आहे, 48 तासांत पत्ता दुरुस्त करा, असा त्याचा मजकूर होता. लिंक उघडत नसेल तर `Y` असे उत्तर पाठवून संदेश पुन्हा उघडा, हेही सांगितले होते. अनोळखी व्यक्तीने पाठवलेली लिंक फोन उघडू देत नाही, उत्तर दिले की ती चालू होते. म्हणजे दाराची कडी आपल्याच हातून काढून घेण्याची ही युक्ती.

पुढे खात्याचे बोधचिन्ह, पत्त्याचा फॉर्म आणि 25 रुपये शुल्क. कार्डाचा क्रमांक आणि मागचे तीन आकडे भरल्यावर बँकेचा ओटीपी आला. त्याच संदेशात रक्कम 38,500 रुपये लिहिली होती, पण बाईंनी घाईत सहा आकडे तेवढे पाहिले. त्यांनी लगेच कार्ड बंद करून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली.

तो संदेश आम्ही नंतर शांतपणे वाचला. पत्ता असा काहीसा होता:

```
indiapost.gov.in-update.top/IN
```

डोळा `gov.in` वर थांबतो. खरे नाव मात्र पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी असते आणि इथे ते `in-update.top` आहे. शिवाय संदेश परदेशी मोबाइल क्रमांकावरून आला होता. सरकारी एसएमएसच्या प्रेषकाच्या जागी नोंदणीकृत अक्षरे आणि शेवटी `-G` असते. परंतु इंटरनेटवरून येणाऱ्या अशा संदेशांना ती नोंदणी लागतच नाही, त्यामुळे दूरसंचार खात्याची चाळणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

सगळ्यात मोठी खूण म्हणजे त्यात पार्सलचा क्रमांकच नव्हता. स्पीड पोस्टचा क्रमांक तेरा अक्षरांचा असतो: दोन अक्षरे, नऊ आकडे आणि शेवटी `IN`. तो `indiapost.gov.in` हा पत्ता स्वतः टाइप करून तपासला असता तर पार्सल कुठे आहे ते कळले असते. पण तो छापलेली पावती नागपुरात लेकीच्या पर्समध्ये होती. खोट्या संदेशाचे फावते ते इथेच, कारण वाट पाहणाऱ्याच्या हाती पडताळायला काहीच नसते.

म्हणून विनंती एवढीच, की पावती देताना खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने ‘हा क्रमांक घेणाऱ्याला कळवा’ असे सांगावे आणि पावतीच्या मागे मराठीत हेच वाक्य, खात्याचा खरा पत्ता व 1930 हा क्रमांक छापावा.

आपला नम्र,
एक टपाल ग्राहक, कोथरूड, पुणे