खुंट्यातला अलिफ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सूफी गाण्यांवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. कव्वालीवर छान लिहिलंय, पण सूफींनी खेड्यातल्या बायकांना शिकवलं ते कव्वालीतून नव्हे, जात्यावरून. लेखात त्याचा उल्लेखच नाही, म्हणून हे पत्र.

आपल्यापासून जवळच असलेल्या विजापुरात आदिलशाहीच्या काळात चिश्ती सूफींची मोठी परंपरा होती. शाह मीरांजी, त्यांचे पुत्र बुऱ्हाणुद्दीन जानम, नातू अमीनुद्दीन अला. अरबी-फारसी न येणाऱ्यांसाठी म्हणून त्यांनी दखनी बोलीत रचना केल्या. याच परंपरेतून चक्कीनामा आला, म्हणजे दळताना म्हणायचं गाणं. सूत काततानाचा चरखानामाही होता.

चक्कीनाम्यात जात्याचा एकेक भाग धरून शिकवण दिलेली असते. हातातला उभा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाच्या नावाचं पहिलं अक्षर. मधला खिळा, ज्याभोवती वरची तळी फिरते, तो पैगंबर. अलिफ ही नुसती एक उभी रेघ असते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यातली खुबी लगेच कळेल. जिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, तिच्या मुठीत रोज पहाटे ते अक्षर असायचं. कडव्याशेवटी ‘या बिस्मिल्ला, हू हू अल्ला’ असं पालुपद. सूफींच्या मठात, म्हणजे खानकाहमध्ये, मुरीद म्हणजे शिष्य अल्लाच्या नावाचा जप, जिक्र करायचे, तोच घरात जात्याच्या फेऱ्यावर चालायचा.

माझी आजी कागल तालुक्यातली. उजव्या हातानं खुंटा ओढायची, डाव्या हातानं वैरण घालायची. वैरण जास्त पडली की पीठ भरड येतं, कमी पडली की दगडावर दगड घासतो आणि भाकरीत कच लागते. ती मोजायची नाही. ओवीचा चरण संपला की मूठ सुटायची. म्हणून ही गाणी बसून नुसती वाचली तर सपक वाटतात, जात्याची घरघर सोबत असली की ठेका कळतो.

सगळंच ज्ञान जात्यावर आलं असंही नाही. सूफींची अवघड तत्त्वचर्चा पोथ्यांत आणि दीक्षा घेतलेल्या मुरीदांपुरतीच राहिली. बायकांपर्यंत आलं ते नामस्मरण, शरीयतचं पालन आणि पीराबद्दलचा आदर. चक्कीनामे म्हटले म्हणून गावंच्या गावं मुसलमान झाली, असं कुणी सांगितलं तर तेही पटण्याजोगं नाही. आपल्याकडं पीराच्या उरुसाला सगळंच गाव जातं, म्हणून काही ते मुसलमान होत नाही.

इथं एका संस्थेनं जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, पण आमच्या गल्लीतल्या मुस्लिम घरांचं दार वाजवलं नाही. तिथल्या एक आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. आवाज अजून खणखणीत आहे, जातंही परड्यात पडून आहे. आपल्या वार्ताहराला एकदा पाठवा, मी सोबत येईन.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर