नव्या पेठेतल्या मेसच्या काकूंना

काकू, सा. न. वि. वि.

तुम्ही फेसबुकवर नाही, म्हणून तुमच्या मुलाला टॅग केलं आहे. तो दुपारच्या पंगती आटोपल्यावर वाचून दाखवेल. समोर आभार मानायला गेले असते तर तुम्ही "हो गं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलला असता.

२०२३ च्या जुलैमध्ये मी राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्यात आले तेव्हा कंपनीतल्या नोकरीत साठवलेले १,६५,००० रुपये जवळ होते. क्लासचे २५,०००, कॉटचं डिपॉझिट ६,०००, पुस्तकं ५,०००. उरले १,२९,०००. कॉटचे ३,०००, मेसचे ३,२००, अभ्यासिकेचे १,२०० आणि झेरॉक्स, रिचार्ज, चहा, बसभाडं मिळून १,६००, असा महिन्याला ९,००० खर्च धरला. राज्यसेवा पूर्व २८ एप्रिल २०२४ ला होती. एप्रिलअखेर ९०,००० गेले तरी ३९,००० उरणार होते आणि ते मुख्य परीक्षेसाठी होते. हिशेब चोख होता. पण तो एका तारखेवर उभा होता, आणि ती तारीख माझ्या हातात नव्हती.

एप्रिलची जुलै झाली, जुलैची २५ ऑगस्ट. परीक्षा पुढे गेली की अभ्यासाला वेळ मिळतो असं लोक म्हणतात. ज्याला घरून पैसे येतात त्याला मिळतो. बाकीच्यांचे दर महिन्याला नऊ हजार जातात. मुख्यचे पैसे पूर्वच्याच वाट पाहण्यात संपत आले. मग ऑगस्टमध्ये शास्त्री रोडवर आंदोलन झालं, कारण बँकेची परीक्षा त्याच दिवशी आली होती आणि कृषी सेवेच्या जागांचाही प्रश्न होता. मागणी खरी होती, त्यात शंका नाही. पण २२ तारखेला परीक्षा पुढे ढकलल्याची बातमी आली आणि लोक टाळ्या वाजवू लागले, तेव्हा मी मनातल्या मनात खात्यातली शिल्लक मोजत होते. महिनाअखेरीस ३,००० उरणार होते. नवी तारीखही तेव्हा जाहीर झाली नव्हती.

क्लासवाल्यांना विचारलं. दोन विषयांचे तास झालेच नव्हते, त्यांचे तरी पैसे परत द्या म्हटलं. "फी नॉन-रिफंडेबल आहे, पावतीमागे वाचा." रूममालकांना म्हटलं, डिपॉझिटमधून दोन महिन्यांचं भाडं वळतं करून घ्या. त्यांनी मान हलवून नकार दिला आणि वर मुलींनी इतकी वर्षं शिकावं का, यावर भाषण दिलं. तुमच्याकडे यायच्या आधी ज्या मेसमध्ये जेवायचे, तिची तर गोष्टच वेगळी. तिथे सलग चार दिवस नसलात आणि आदल्या रात्री सांगितलं असलं, तरच खाडा धरायचे. तापाने तीन दिवस पडून होते, त्याचेही पैसे गेले. ताप चौथ्या दिवशी टिकला नाही, हा माझाच गुन्हा.

घरी पैसे नव्हते असंही नाही. ते शेतात उभे होते. परभणीकडे सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघतं आणि पैसा वर्षातून त्याच सुमाराला येतो. पुण्यात मात्र भाडं, मेस, अभ्यासिका सगळं एक तारखेला आणि आगाऊ. बाबा म्हणाले होते, "आडतीवर उचल घेतो." उचल म्हणजे माल निघायच्या आधी पैसे घ्यायचे आणि मग तो आडतवाला म्हणेल त्या दराने घालायचा. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि बाजार त्याच्या बराच खाली. त्यात उचलीचा माल म्हणजे बोलायलाच नको. तीन महिन्यांच्या माझ्या जेवणासाठी बाबांनी वर्षभराचा माल पाडून विकावा, हे मला सहन होत नव्हतं.

म्हणून एक सप्टेंबरला मी तुमच्याकडे मेस बंद करायला आले होते. सकाळी पोहे, रात्री वडापाव, असं ठरवलं होतं. तुम्ही कणीक मळत होतात. कारण विचारलं नाहीत, पैसे आहेत का हेही विचारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "आगाऊ नको देऊ. जेवून घे, महिना संपला की दे. घरी पीक कधी निघतं?" मी ऑक्टोबर म्हटलं. "मग ऑक्टोबरनंतर दे." आणि हात पिठाचे होते म्हणून खुंटीवरची वही काढायला मलाच सांगितलंत. "तुझं पान तूच लिही. खाडेही तूच मांड. मला वेळ नाही."

काकू, तुम्हाला वेळ होता. बाकी सगळ्यांची पानं तुम्हीच लिहायचात, मी रोज बघत होते. उधारी मागणाऱ्या माणसाच्या हातात त्याच्याच हिशेबाची वही देणं, हे मी आजवर दुसरं कुणी करताना पाहिलेलं नाही. उधारी अनेक जण देतात, पण नंतर ताटात भाजी वाढताना आठवण करून देतात. तुमच्याकडे मी रोज रांगेत उभी राहिले, रोज तिसरी पोळी मागितली आणि एकदाही लाज वाटली नाही.

तुम्ही एक रुपयाही माफ केला नाहीत, हेही लिहायला हवं. केला असता तर मी यायचं थांबले असते. हिशेबाच्या भाषेत तुम्ही फक्त तारीख पुढे सरकवलीत. पण त्यामुळे सप्टेंबरचे ३,००० भाड्यात गेले, अभ्यासिका सोडून मी रूमवर बसले, शेजारच्या दोन मुलांची शिकवणी घेऊन वरखर्च भागवला आणि ऑक्टोबरचं भाडं दादाने पाठवलं. बाबांनी उचल घेतली नाही. सोयाबीन वाळवून, दोन-तीन ठिकाणी दर विचारून विकलं. भाव काही मोठा मिळाला नाही, पण विकायचं कधी हे त्यांनी ठरवलं. दिवाळीला घरी गेले आणि येताना दोन महिन्यांचे ६,४०० घेऊनच आले. दिवाळीत मेस बंद असते आणि महिना मात्र पूर्ण लावतात, हा पेठेतला रिवाज. तुम्ही नोव्हेंबरच्या पानावर बंदचे सगळे दिवस खाड्यात मांडायला लावलेत.

१ डिसेंबरची पूर्व मी पास झाले. मेमधल्या मुख्यमध्ये राहिले. आता परभणीत एका पतसंस्थेत काम करते आणि कर्जाचे अर्ज बघते. हप्त्याची तारीख ठरवताना अर्जदाराचं पीक कोणतं हे मी आधी विचारते. साहेबांना ते आवडत नाही, पण थकबाकी माझ्या टेबलावर कमी असते म्हणून गप्प बसतात.

जूनपासून आमच्या गावची एक मुलगी तुमच्याकडे जेवायला येईल. पहिल्या दोन महिन्यांचे पैसे ती आगाऊ देईल, तेवढे तिच्याकडे आहेत. पुढचं तिच्याशी बोलून ठरवा. त्यांच्याकडे सोयाबीन नाही, कापूस आहे, वेचणी दिवाळीनंतरही चालते. तेव्हा तिला ऑक्टोबर सांगू नका, डिसेंबर सांगा.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची परभणीवाली