सर्दीच्या गोळीवर मराठीत दोन ओळी छापा, मंत्रीमहोदय

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सप्रेम नमस्कार.

मी कुपवाड एमआयडीसीत पॉवर प्रेसवर काम करायचो. गेल्या महिन्यात उजव्या हाताची दोन बोटं डायखाली गेली. सर्दीच्या गोळीनं हात मंदावला म्हणून तुमच्या खात्याकडं तक्रार केली, तर उत्तर आलं : सदर गोळी प्रमाणित दर्जाची असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे. गोळी बनावट आहे असं मी म्हटलंच कुठं होतं, साहेब?

नाक गळत होतं, अंग मोडून आलं होतं. मेडिकलवाल्यानं पट्टीतून कात्रीनं गोळ्या कापल्या, कागदी पुडीत घातल्या आणि म्हणाला, "सकाळ-दुपार-रात्र घ्या." मशिनवर काम करता का, गाडी चालवता का, एका शब्दानं विचारलं नाही. दोन-तीन दिवस घेतल्या. शेवटची रात्री १० ला. सकाळी ६ च्या पाळीला रात्रभर झोपून, वर चहा घेऊन हजर होतो. डोळे मिटत नव्हते. फक्त तोंड कोरडं पडलं होतं आणि हात जरा मागं रेंगाळत होता. पॅडल दाबलं गेलं तेव्हा तो अजून डायमध्येच होता.

पट्टीच्या कापलेल्या तुकड्यावर औषधाचं नाव नव्हतं. टाके घालणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पूर्ण पट्टी मागवून वाचली : पॅरासिटॅमॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइन. यातलं तिसरं सुस्ती आणणारं. मेंदूला जागं ठेवणाऱ्या हिस्टामिनचं काम ते अडवतं. मोठ्या माणसाच्या रक्तात ते निम्म्यावर यायला साधारण २० तास लागतात, कुणाला कमी, कुणाला जास्त. म्हणजे रात्री १० ची गोळी सकाळी ६ ला तीन-चतुर्थांश अंगात, शिवाय आधीच्या दिवसांची उरलेली. पुढची गोळी सहा-आठ तासांनी घ्यायची असते, म्हणून पहिली संपली असं आम्ही समजतो. ती संपलेली नसते, साठत जाते.

झोप आली की कळेलच, असं म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं. अमेरिकेत आयोवा इथं गाडीच्या सिम्युलेटरवर केलेला अभ्यास २००० साली छापून आला. त्यात डायफेनहायड्रामिन घेतलेल्यांनी दारू प्यायलेल्यांपेक्षा वाईट गाडी चालवली, आणि आपल्याला किती झोप येतेय हे सांगण्यावरून कोण किती बिघडलाय ते ओळखता येत नव्हतं. हे डायफेनहायड्रामिन खोकल्याच्या कितीतरी सिरपांत असतं. वरून गोळी, खालून सिरप, म्हणजे दुप्पट सुस्ती. त्यात संध्याकाळी दारू किंवा झोपेची गोळी पडली तर विचारूच नका. चहानं जांभई थांबते, हाताचा वेग परत येत नाही.

आता ऊसतोडीचा हंगाम बघा. रात्रभर कारखान्याच्या वजनकाट्यापुढं रांगेत थांबून पहाटे दोन ट्रॉल्या ओढत निघालेल्या ड्रायव्हरच्या खिशात हीच पुडी असते. नाक्यावर नळीत फुंकायला लावतात. दारूला रक्तात १०० मिलिलिटरमागं ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. कायद्यात अमली पदार्थांचाही उल्लेख आहे, पण या गोळीला ती नळी काय करणार? आमच्या पेठेतल्या दहा दुकानांतली नऊ न विचारता हीच गोळी देतात. आकडा माझा आहे. आपल्याकडं दुसरा असेल तर जाहीर करा.

मागणं थोडं आहे. पट्टीच्या प्रत्येक खणामागं मराठीत छापा : "ही घेतल्यावर गाडी, मशीन चालवू नका. दारू घेऊ नका." पट्टी कापली तरी ती ओळ ग्राहकाच्या हातात गेली पाहिजे. दुकानदारानं कामधंदा विचारणं सक्तीचं करा. शेवटच्या गोळीनंतर निदान एक दिवस-रात्र, आणि दोन-तीन दिवस ओळीनं घेतल्या असतील तर आणखी एक दिवस मशिनपासून लांब राहा, असं बाईंनी आम्हाला आता सांगितलं. नुसत्या ताप-अंगदुखीला साधं पॅरासिटॅमॉल आणि नाकाला मिठाच्या पाण्याचे थेंब पुरले असते, हेही आताच कळलं. सेटिरिझिन कमी सुस्तीचं म्हणतात, पण काहींना त्यानंही पेंग येते. ते पहिल्यांदा घ्यायचं तर सुट्टीच्या आदल्या रात्री.

पण सुट्टी कुठून आणू? एक दिवस बुडवला की हजेरी बोनस जातो, दोन बुडवले की कंत्राटदार दुसरा माणूस उभा करतो. प्रेसला गार्ड नाही, कारण गार्डनं उत्पादन कमी होतं. तपासणी यायची असते तेव्हा मात्र गार्ड बसतात, आम्हाला हेल्मेटं मिळतात, फोटो निघतात. औषध तुमच्या खात्याचं, मशीन दुसऱ्याचं, कंत्राटदार तिसऱ्याचा. बोटं कुठल्या खात्यात मोडतात तेवढं कळवा, म्हणजे पुढचा अर्ज तिकडं करतो. डाव्या हातानं लिहायला वेळ लागतो, म्हणून आधीच विचारून ठेवतो.

आपला,
एक प्रेस ऑपरेटर, कुपवाड, जि. सांगली