निहारच्या आजीला पत्र

सांगली,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र वाचून जीव कळवळला. अडीच वर्षांचा निहार न्यू जर्सीहून फोनवर दिसतो, पण 'आजीशी बोल' म्हटलं की पळून जातो, असं लिहिलंस. अगं, त्याला माया नाही असं मनात आणू नकोस. त्या वयाच्या मुलाला नुसत्या गप्पा मारता येत नाहीत. 'मी कोण? ओळखलंस का? काय जेवलास?' ही तर त्याला परीक्षाच वाटते.

आमची नात ईरा तिकडेच आहे, म्हणून सांगते. आधी वेळ बदल. तुझा फोन आपल्या सकाळी जातो, तेव्हा तिकडे आदली रात्र असते आणि पोर झोपेला आलेलं असतं. ईरा सकाळी साडेसातला नाश्त्याला उंच खुर्चीत बसते, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. लेक फोन तिच्या डोळ्यांच्या रेषेत टेकवून ठेवते आणि शेजारी बसते. हे शेजारी बसणं फार गरजेचं. लहान मुलाला पडद्यावरच्या माणसाशी जोडून द्यायला जवळचं कुणीतरी लागतं. दहा मिनिटं पुरतात. पोर चुळबुळायला लागलं की हसत टाटा करायचा, ओढून धरायचं नाही.

आणि नुसत्या गप्पांऐवजी गोष्ट सांगायची. कुठली, तर चिऊ-काऊची! बरोबरीने गाणी म्हणायला गेलं तर फोनवर आवाज क्षणभर उशिरा पोचतो, दोघांचे सूर एकमेकांवर आदळतात आणि मूल गप्प होतं. चिऊ-काऊत पाळीपाळीने बोलायचं असतं. मी काऊ होते. 'चिऊताई, चिऊताई, दार उघड!' म्हणते आणि थांबते. मनात चार आकडे मोजेपर्यंत थांबायचं, आपणच उत्तर देऊन टाकायचं नाही. सुरुवातीला चिऊचं उत्तर लेक द्यायची, मग ईरा देऊ लागली. 'थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते' इथपर्यंत नेहमीचं, पण एकदा म्हणाली, 'थांब, बाळाला बूट घालते, बाळ रडतंय, शाळेत नाही जायचं.' तिला पाळणाघरात करमत नव्हतं, ते मला असं कळलं. 'शाळेत काय केलंस?' असं विचारून ते कधीच कळलं नसतं. आता मी रोज काऊला दाराबाहेर जास्त वेळ भिजत ठेवते.

निजायच्या वेळेला मात्र फोन जमत नाही. तिथे रात्रीचे आठ म्हणजे इथे पहाटेचे साडेपाच. त्यासाठी मी व्हॉट्सअॅपवर तीच गोष्ट माझ्या आवाजात पाठवून ठेवली आहे. त्यातही चिऊच्या उत्तराची जागा मोकळी सोडली आहे.

एक लक्षात ठेव. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासाने मागे जातात. मग त्यांचे साडेसात म्हणजे आपले सहा, थेट मार्चपर्यंत. थंडीत ती आपली दिवेलागणीची वेळ, तेव्हा फोन देवघरासमोरच लाव आणि निहारसमोर निरांजन लाव. सुनेशी वेळेचं आत्ताच बोलून घे, आणि निहारने चिऊचं पहिलं उत्तर काय दिलं ते मला लगेच कळव.

तुझी,
मालती