आबाचा बोअर, नानाची विहीर

सोलापूर
प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. हक्क-कर्तव्य, मुभा, अधिकार, संरक्षण या जोड्या पाठ झाल्यात, पण प्रश्नपत्रिकेत एखादा प्रसंग आला की हात थांबतो, असं तू लिहिलंस. जोड्या पाठ करून कुणाचंच भागत नाही. त्या एका प्रसंगावर वापरून बघाव्या लागतात. अमेरिकी कायदेपंडित होहफेल्डने 1913 मध्ये येल लॉ जर्नलमध्ये या जोड्या मांडल्या आणि 1918 मध्ये, चाळिशीच्या आतच, तो गेला. त्याचा रोख अगदी साधा होता. वकील आणि न्यायाधीश 'हक्क' हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, आणि अर्थ मध्येच सरकला तरी युक्तिवाद चालूच राहतो. मी तुला आपल्याकडचा पाण्याचा प्रसंग घेऊन दाखवतो. बोअरसाठी भांडण न झालेलं गाव आपल्या जिल्ह्यात शोधावंच लागेल.

आधी मराठीची एक अडचण. आपण 'मूलभूत हक्क' म्हणतो आणि त्याच तोंडाने 'तहसीलदाराला अधिकार आहे' असंही म्हणतो. हिंदीत दोन्हींना 'अधिकार'च. तेव्हा वहीत ठरवून घे. दुसऱ्याने काही करायला किंवा न करायला बांधील असणं म्हणजे हक्क. आपण स्वतः बांधील नसणं म्हणजे मुभा. कायदेशीर संबंध बदलून टाकण्याची ताकद म्हणजे अधिकार. आणि आपला संबंध दुसऱ्याला बदलता न येणं म्हणजे संरक्षण.

आता मोहोळ तालुक्यातली दोन शेजारी शेतं धर. आबा आणि नाना शेजारी. नानाची साठ फुटांची जुनी विहीर बांधाला लागून आहे. आबाने आपल्या हद्दीत पाचशे फुटांचा बोअर मारला आणि चैत्रात नानाच्या विहिरीचा तळ दिसू लागला. नाना वकिलाकडे जाऊन म्हणतो, "माझा पाण्याचा हक्क आबाने मारला."

इथे सगळ्यात आधी तीन गोष्टी कागदावर लिही: कोण विरुद्ध कोण, नेमकी कोणती कृती, आणि त्या कृतीबद्दल कोण बांधील आहे. दोन माणसं आणि एक कृती ठरल्याशिवाय एकही जोडी लावायची नाही. 'नानाचा पाण्यावर हक्क' हे वाक्य इथेच गळतं, कारण पाणी ही कृतीही नाही आणि माणूसही नाही. नेमकं वाक्य असं होईल: आबाने स्वतःच्या जमिनीतून पाणी उपसू नये, असं नाना आबाकडे मागू शकतो का?

1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातल्या कलम 7 खाली एक उदाहरण दिलेलं आहे. ठरावीक प्रवाहातून न वाहणारं, जमिनीत झिरपलेलं पाणी मालकाने आपल्या हद्दीत गोळा करावं, वापरावं, ही मालकीतलीच गोष्ट आहे, असं ते सांगतं. म्हणजे पाणी न उपसण्याचं कर्तव्य आबावर नाही. आबाला उपसण्याची मुभा आहे, आणि तिची दुसरी बाजू म्हणजे नानाला याबाबत आबाविरुद्ध हक्क नाही. होहफेल्ड या बाजूला 'हक्काभाव' असं रुक्ष नाव देतो. नाव कंटाळवाणं आहे, पण नानाचं दुखणं नेमकं तेच आहे: नुकसान खरं आहे, पण हक्क नाही.

नाना म्हणेल, "चाळीस वर्षं हीच विहीर वापरतोय." त्याचाही उपयोग नाही. तोच कायदा कलम 17 मध्ये स्पष्ट सांगतो की ठरावीक प्रवाहात नसलेल्या भूजलावर वहिवाटीने सुविधाधिकार मिळत नाही. वहिवाट चाळीस वर्षांची असली तरी मुभाच राहते, हक्क होत नाही. मग नाना म्हणेल, "आबाने मुद्दाम, खुन्नस म्हणून मारलाय." इंग्लंडमध्ये 1895 च्या ब्रॅडफर्ड कॉर्पोरेशन विरुद्ध पिकल्स या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे हाच प्रश्न आला. पिकल्सने स्वतःच्या जमिनीत खोदून नगराच्या पाणीपुरवठ्याकडे जाणारं भूजल कमी केलं. लॉर्ड्सनी ठरवलं: हेतू वाईट असला तरी कृती मुभेतली असेल तर हेतूमुळे ती बेकायदा होत नाही. कडू निकाल आहे, पण जोड्या शिकायला इतका उपयोगी दुसरा नाही.

आता बहुतेक विद्यार्थी घसरतात ती जागा. 'आबाला उपसण्याची मुभा आहे, म्हणून नानाने आड न येण्याचं कर्तव्य आहे' असं लिहितात. चूक. मुभेतून दुसऱ्यावर कर्तव्य येत नाही. नानाने उद्या आपल्या हद्दीत सातशे फुटांचा बोअर मारून आबाचा बोअर आटवला तरी नानाने काहीच मोडलेलं नाही, कारण त्यालाही तीच मुभा आहे. दोघंही पाण्यासाठी झगडू शकतात, कुणीच कुणाला बांधील नाही. पण नानाने रात्री आबाच्या रानात शिरून मोटारीची केबल तोडली, तर? ते बेकायदाच. मात्र कारण 'उपसण्यात आड येऊ नये' हे नाही. परक्या जमिनीत शिरू नये, परक्या मालाची नासधूस करू नये, ही नानावरची वेगळी कर्तव्यं आहेत. आबाची मुभा या कर्तव्यांच्या कुंपणात राहते, म्हणून ती हक्कासारखी भासते. परीक्षकाला हे कुंपण वेगळं दाखवलंस, तर तुला विषय कळलाय हे त्याला लगेच समजतं.

दुसरी चूक नकाराची. मुभेचा विरोध कर्तव्याशी आहे, पण उलट मजकुराच्या कर्तव्याशी. 'उपसण्याची मुभा' याचा विरोधी म्हणजे 'न उपसण्याचं कर्तव्य'. 'उपसण्याचं कर्तव्य' नव्हे. आबाने नानाची टाकी रोज भरून देण्याचा करार केला, तर उपसण्याचं कर्तव्य आणि उपसण्याची मुभा दोन्ही त्याच्याकडे एकाच वेळी असतील आणि कुठेही खटका उडणार नाही. लिहिताना 'न' कुठे आहे ते बोटाने तपास. मार्क तिथेच जातात.

करार आल्यावर चित्र कसं पालटतं ते बघ. समज, विहीर दोघांच्या वडिलांची सामाईक आहे, आठ-आठ आणे हिस्सा, आणि तीन-तीन दिवसांची पाळी ठरली आहे. आता नानाच्या पाळीत आबाने मोटर लावली तर? त्या तीन दिवसांत, त्या विहिरीपुरती, आबाची मुभा गेली आणि तिच्या जागी न उपसण्याचं कर्तव्य आलं. नानाला प्रथमच खरा हक्क मिळाला. पण तो हक्क आबाविरुद्धच आहे, पलीकडच्या शेतात बोअर मारणाऱ्या तिसऱ्या माणसाविरुद्ध नाही. पाणी तेच राहिलं, संबंध बदलला, आणि तो करारामुळे बदलला. अशी बदल घडवण्याची जी ताकद दोघांकडे होती, तोच अधिकार.

अधिकाराच्या समोर 'अधीनता' असते. हा शब्द विद्यार्थ्यांना ओझं वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच की समोरच्याच्या कृतीने माझा संबंध बदलू शकतो, आणि तो माझ्या फायद्याचाही असू शकतो. आबाने बोअरचं पाणी विकायचा प्रस्ताव दिला की नानाच्या हाती अधिकार येतो: स्वीकार केला की करार झाला. आबा अधीन. भारतीय करार कायद्याच्या कलम 5 प्रमाणे आबाला तो प्रस्ताव मागे घेता येतो, पण नानाचा स्वीकार आबा बांधील होईल असा पाठवला जाण्याआधीच. ती वेळ टळली की नानाला संरक्षण मिळालं, आबा अक्षम झाला.

संरक्षण आणि अक्षमता ही जोडी सामाईक विहिरीत आणखी स्पष्ट दिसते. आबाने सगळी विहीर आपलीच म्हणून तिसऱ्याला विकली, खरेदीखत नोंदवलं, पुढे सातबारावर नवं नावही चढलं. नाना घाबरतो. पण नानाचे आठ आणे विकण्याचा अधिकार आबाकडे कधीच नव्हता. तो त्या बाबतीत अक्षम आहे आणि नानाला संरक्षण आहे. नोंदणीने नसलेला अधिकार उगवत नाही, आणि फेरफार हा महसुलाचा कागद आहे, मालकी देणारा नाही. घेणाऱ्याला फक्त आबाचा हिस्सा मिळतो. इथे 'आबाला विकण्याचा हक्क नव्हता' असं म्हटलं तर चालून जातं, पण मग 'त्याने कर्तव्य मोडलं का?' हा प्रश्न त्याच वाक्यात मिसळतो. ते दोन प्रश्न आहेत.

दोन्ही वेगळे का ठेवायचे ते कांद्याच्या बाजारात कळतं. सोलापूरच्या बाजार समितीत शेठ आपल्या माणसाला बजावतो, "क्विंटलला दोन हजारांवर जायचं नाही." हा माणूस रोज शेठच्या नावाने खरेदी करतो हे शेतकऱ्यांना माहीत आहे, पण ही सूचना माहीत नाही. तो एकवीसशेला बोली लावतो. करार कायद्याच्या कलम 237 नुसार शेठ बांधील, कारण या माणसाला खरेदीची मुखत्यारी आहे असा समज शेठच्याच वागण्याने लोकांत झाला. म्हणजे माणसाकडे शेठला बांधण्याचा अधिकार होता, पण तसं करण्याची मुभा नव्हती. शेतकरी पैसे घेईल, शेठ माणसाकडे भरपाई मागेल. अधिकार आणि मुभा एकाच शब्दात कोंबलेस तर हे उत्तर लिहिताच येणार नाही.

राहिला सरकारी कायदा. 1993 च्या महाराष्ट्र कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताच्या पाचशे मीटरमध्ये परवानगीशिवाय विहीर खोदायला बंदी घातली, आणि 2009 च्या भूजल कायद्याने नियमन आणखी पुढे नेलं. गावाची विहीर त्या अंतरात असेल, तर आबाची खोदण्याची मुभा तिथेच संपते. प्राधिकरणाकडे परवानगी देण्याचा अधिकार आहे आणि आबा त्याला अधीन. पण हे कर्तव्य कुणाला देणं आहे? सार्वजनिक स्रोतासाठी, शासनाला. नानाच्या खाजगी विहिरीसाठी ते लिहिलेलं नाही. नाना तक्रार करू शकतो, पण केवळ या कलमाच्या बळावर 'माझा हक्क मोडला' असा दावा उभा करता येत नाही. कर्तव्य दिसलं की समोर जो उभा असेल त्यालाच हक्क देऊन टाकायचा मोह टाळ. आधी कायदा कुणासाठी आहे ते विचार.

पुढच्या पत्रात बांधावरच्या लिंबाची फांदी घेऊन हेच करून पाठव: फांदी नानाच्या रानात, खोड आबाच्या. कापण्याची मुभा कुणाला, लिंबं कुणाची, आणि नानाने खोडाला हात लावला तर काय? मी लाल पेन घेऊन बसतो.

तुझा मित्र

ता. क. 'लायबिलिटी'ला, म्हणजे आपल्या अधीनतेला, वहीत 'दायित्व' लिहिलं असशील तर खोडून टाक. बँकेच्या ताळेबंदातलं दायित्व वेगळं, आणि शेठची कांद्याच्या बोलीतली अधीनता वेगळी.