सही झाली, तपासणी राहिली

महोदय,
चाळिशीनंतर वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांचे ‘फॉर्म १-अ’ प्रमाणपत्र लागते. माझ्या ६८ वर्षांच्या वडिलांना ते पाच मिनिटांत मिळाले. डॉक्टरांनी वय विचारले, सही-शिक्का केला. पुढची पाच वर्षे बाबा गाडी चालवायला मोकळे!

त्या फॉर्ममध्ये स्पष्ट प्रश्न आहे : चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का? मी घरी आल्यावर टेपने अंतर मोजून बाबांना उभे केले. चष्मा लावूनही त्यांना आकडे दिसेनात. निम्मे अंतर पुढे आल्यावर जमले. नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. म्हणजे समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, ही त्यांची तक्रार उगीच नव्हती.

बाबांना मधुमेहही आहे. फॉर्म १-अ मध्ये दृष्टी, रातांधळेपणा, बहिरेपणा विचारतात. साखर एकदम उतरते का, हे मात्र नाही. चक्कर किंवा शुद्ध हरपण्याचा प्रश्न आहे, पण तो अर्जदाराने स्वतः भरायच्या फॉर्म १ मध्ये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण लांबले, तर साखर घसरते. हात थरथरतात, घाम फुटतो, निर्णय चुकतो. काहींना तर ही पूर्वसूचनाही मिळत नाही.

परिवहन खात्याने डॉक्टरांना दोन्ही डोळ्यांच्या दृष्टीचे आकडे, चालू औषधे आणि साखर उतरल्याचा इतिहास लिहिणे बंधनकारक करावे. बाबांनी शस्त्रक्रिया होईपर्यंत गाडीची किल्ली माझ्याकडे दिली आहे.

— एक वाचक, सातारा